जागा मिळाली, पण प्रवेश पक्का झाला का?

तात्पुरता प्रवेश विद्यार्थ्याच्या दाव्यावर मिळतो आणि निश्चित प्रवेश त्या दाव्याच्या पुराव्यावर. अर्ज भरताना विद्यार्थी अनेक गोष्टी स्वतः सांगत असतो. बारावीला इतके गुण आहेत, महाराष्ट्राचा रहिवासी आहे, अमुक प्रवर्गात मोडतो, कुटुंबाचे उत्पन्न अमुक मर्यादेच्या आत आहे, असे दावे तो करतो. गुणवत्ता यादी आणि जागावाटप या दाव्यांच्या आधारे होते. मूळ कागद तपासून ते खरे ठरेपर्यंत मिळालेली जागा सशर्त असते. शर्त पुरी झाली नाही, तर विद्यार्थ्याने जागा स्वीकारलेली असली, पैसे भरलेले असले, वर्गात बसायला सुरुवात केलेली असली, तरीही ती जागा जाऊ शकते.

हा फरक सर्वच अभ्यासक्रमांना लागू आहे. महाराष्ट्रात तो सर्वांत ठळक दिसतो अभियांत्रिकीच्या प्रवेशात. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, ही प्रक्रिया केंद्रीभूत पद्धतीने चालवतो. विद्यार्थ्यांच्या तोंडी तिचे नाव ‘कॅप राउंड’ असे आहे.

प्रवेश टप्प्याटप्प्याने पक्का होतो

कॅपमध्ये नोंदणी केल्यावर पहिली तपासणी होते ती कागदपत्रांची. विद्यार्थी एकतर स्कॅन केलेले कागद अपलोड करून ई-स्क्रूटिनीचा पर्याय घेतो किंवा मूळ प्रती घेऊन केंद्रावर जातो. या तपासणीनंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तिच्यावर हरकती घेण्यासाठी मुदत असते आणि मग अंतिम यादी प्रसिद्ध होते. बरेच पालक या ‘अंतिम’ यादीला अंतिम निर्णय समजतात. प्रत्यक्षात ती फक्त क्रमवारी असते. यादीत नाव असल्याने प्रवेश मिळत नाही.

पुढचा टप्पा जागावाटपाचा. महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरल्यानंतर फेरीनिहाय जागा जाहीर होते. जागा मिळालेल्या विद्यार्थ्याने आपल्या लॉगिनमधून ती स्वतः पडताळायची असते. अर्जात लिहिलेले गुण, प्रवर्ग, लिंग आणि विशेष आरक्षणाचे दावे बरोबर आहेत, असे तो येथे जाहीर करतो. त्यानंतर एक हजार रुपये जागास्वीकृती शुल्क भरले की जागा ‘स्वीकारली’ जाते. मिळालेल्या जागेवर समाधान असेल, तर ती फ्रीझ करता येते. पुढच्या फेरीत आणखी चांगली जागा हवी असेल, तर बेटरमेंटचा पर्याय ठेवता येतो. पसंतीक्रमातील वरची ठराविक महाविद्यालये मिळाली, तर जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो.

इथवर जे घडते ते सगळे तात्पुरते. एक हजार रुपयांची पावती ही जागा राखून ठेवल्याची खूण आहे, प्रवेशाची नव्हे. प्रवेश निश्चित होतो तो महाविद्यालयात. ठरलेल्या मुदतीत विद्यार्थी मूळ कागद घेऊन तेथे हजर होतो, शुल्क भरतो, महाविद्यालय कागद तपासते आणि सीईटी सेलच्या प्रणालीत त्याचा प्रवेश नोंदवते. या नोंदीनंतर प्रणालीतून निघणारी पावती हाच निश्चितीचा पुरावा. महाविद्यालयाने शुल्क घेतले पण प्रणालीत नोंद केली नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती शुल्काची पावती राहते आणि प्रवेश मात्र झालेला नसतो. म्हणून महाविद्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी ही पावती मागून घेणे आणि आपल्या लॉगिनमध्ये ‘प्रवेश निश्चित’ अशी स्थिती दिसते का, ते पाहणे गरजेचे असते.

महाविद्यालयाने केलेल्या निश्चितीनंतरही आणखी दोन पडताळण्या बाकी असतात. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतील प्रवेश २०१५ च्या राज्य कायद्यानुसार स्थापन झालेल्या प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मंजुरीसाठी जातात. नियमात न बसणारा प्रवेश हे प्राधिकरण नाकारू शकते. दुसरी पडताळणी विद्यापीठाची. विद्यापीठाचा पात्रता विभाग विद्यार्थी त्या अभ्यासक्रमाला शैक्षणिकदृष्ट्या पात्र आहे का, हे तपासतो. सरळ मार्गाने आलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना या दोन्ही पडताळण्या जाणवतही नाहीत. कागद अपुरा असलेल्याला त्या काही महिन्यांनी गाठतात.

कोणता कागद कशाचा पुरावा?

कागद राहिला की प्रवेश रद्द, असा सरसकट नियम नाही. एखादा कागद नसताना काय होईल, हे तो कागद काय सिद्ध करतो यावर ठरते. या दृष्टीने प्रवेशाचे कागद तीन प्रकारचे आहेत. काही कागद विद्यार्थी त्या अभ्यासक्रमाला पात्र आहे हे दाखवतात. काही कागद विशिष्ट जागेवरचा त्याचा हक्क दाखवतात. उरलेले कागद प्रशासकीय नोंदीसाठी असतात. पहिल्या दोन प्रकारांतला कागद मिळालाच नाही, तर प्रवेश टिकत नाही. तिसऱ्या प्रकारातल्या कागदासाठी बहुधा हमीपत्र आणि मुदत यांवर काम निभावते.

पात्रतेचे कागद थोडे आहेत आणि त्यांबाबत सवलत जवळपास नाही. बारावीची गुणपत्रिका हा त्यांतला मुख्य कागद. अभियांत्रिकीसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक आहेत. ते दोन आणि रसायनशास्त्रासारखा नियमात दिलेला तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. सीईटीचे गुणपत्रक हा दुसरा कागद. अर्जात गुण चुकीचे भरले गेले आणि मूळ गुणपत्रिकेत ते किमान मर्यादेखाली निघाले, तर जागा जाते, मग ती चूक टंकलेखनाची असली तरी. गुण मर्यादेच्या वर असले तरी चुकीच्या आकड्यामुळे गुणवत्ता क्रमांक बदलला असेल, तर त्या क्रमांकावर मिळालेली जागाही धोक्यात येते.

राज्याच्या कोट्यासाठी महाराष्ट्राचा उमेदवार असल्याचा पुरावा लागतो. दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेल्या विद्यार्थ्याला अधिवास प्रमाणपत्र किंवा जन्म महाराष्ट्रात झाल्याचा पुरावा, यांपैकी एक पुरतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान स्पष्ट लिहिलेले असेल, तर तोही चालतो. घोळ होतो तो दाखल्यावर जन्मगाव आहे पण जिल्हा आणि राज्य नाही, अशा वेळी. शाळा परराज्यातली असेल, तर विद्यार्थ्याचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्रातील अधिवास सिद्ध करावा लागतो. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तिच्यासाठी त्या भागातील रहिवासाचा आणि मराठी मातृभाषा असल्याचा, असे दोन दाखले लागतात. यांतला एक जरी नसला, तरी विद्यार्थी राज्याच्या कोट्याबाहेर जातो.

प्रवर्गाचे कागद: सर्वांत जास्त प्रवेश येथे अडतात

राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्याला जातीचा दाखला लागतो, हे सर्वांना माहीत असते. पण तो एकटा पुरत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली ‘व्हॅलिडिटी’, आवश्यक असते. अनुसूचित जाती आणि जमाती वगळता इतर मागास प्रवर्गांना त्याशिवाय नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही द्यावे लागते. हे तीन कागद तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. जातीचा दाखला सांगतो की कुटुंब अमुक जातीचे आहे. व्हॅलिडिटी सांगते की तो दाखला पडताळून खरा ठरला आहे. नॉन-क्रीमी लेयर सांगते की कुटुंब त्या प्रवर्गातील प्रगत, उन्नत गटात मोडत नाही. म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रात गल्लत होते ती तारखेची. हे प्रमाणपत्र उत्पन्नाच्या आधारावर एक ते तीन वर्षांसाठी मिळते आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशासाठी ते चालू शैक्षणिक वर्षाच्या शेवटापर्यंत वैध असावे लागते. म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशासाठी प्रमाणपत्रावर ३१ मार्च २०२६ किंवा त्यानंतरची तारीख हवी. अकरावीच्या वेळी काढलेले प्रमाणपत्र घरात असते, ते खरेही असते, पण त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली असते. जूनमध्ये हे लक्षात येते तेव्हा तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रावर नेमकी सर्वांचीच गर्दी असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्रालाही वर्षाची अशीच अट असते. मागच्या वर्षीचे प्रमाणपत्र या वर्षी चालत नाही.

व्हॅलिडिटीची अडचण वेगळी आहे. ती मुदतीने संपत नाही, पण मिळायला वेळ लागतो. बहुतेक प्रवर्गांसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती आणि अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र तपासणी समिती हे काम करते. अर्जदाराला वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि वडील, आजोबा, पणजोबा यांच्या जुन्या नोंदी जोडाव्या लागतात. या नोंदी ठराविक तारखेपूर्वीच्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर गाव नमुना, जन्म-मृत्यू नोंदवही, जमिनीचे जुने कागद असा शोध सुरू होतो. वडिलांची किंवा सख्ख्या भावंडांची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल, तर काम बरेच सोपे होते.

वेळ लागतो हे शासनालाही ठाऊक आहे, म्हणून अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवर्गाचा दावा तात्पुरता मान्य करण्याची सोय ठेवली जाते. पावती चालली म्हणजे कागद चालला, असा समज येथेच होतो. पावती हा अर्ज केल्याचा पुरावा आहे, हक्काचा नाही. माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आले नाही, तर राखीव जागा रद्द होते आणि विद्यार्थी अन्यथा पात्र असल्यास पुढच्या फेरीसाठी खुल्या प्रवर्गात धरला जातो. अलीकडच्या काही वर्षांत व्हॅलिडिटीसाठी शासनाने प्रवेशानंतर सहा महिन्यांची मुदत हमीपत्रावर दिली आहे. ही सवलत त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयाने मिळते. मागच्या वर्षी मिळाली म्हणून यंदा गृहीत धरता येत नाही.

एक उदाहरण

सातारा जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीचे काल्पनिक पण प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. २०२५ मध्ये ती बारावी झाली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात मिळून तिला ३०० पैकी १२७ गुण आहेत, म्हणजे ४२.३३ टक्के. सीईटीत तिने बरे गुण मिळवले. ती इतर मागासवर्गातली आहे. जातीचा दाखला तिच्याकडे आहे. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आहे, पण ते ३१ मार्च २०२५ ला संपलेले. व्हॅलिडिटीचा अर्ज तिने मे महिन्यात केला आणि तिच्याकडे त्याची पावती आहे.

कागद तपासताना अधिकारी नॉन-क्रीमी लेयरवर शेरा मारतो. ती नव्याने अर्ज करते आणि त्या पावतीवर तिचा प्रवर्ग तात्पुरता मान्य होतो. दुसऱ्या फेरीत पुण्याच्या एका महाविद्यालयात तिला इतर मागासवर्गाची जागा मिळते. ती एक हजार रुपये भरून जागा स्वीकारते. नवे नॉन-क्रीमी लेयर मुदतीच्या आत हाती येते. व्हॅलिडिटीसाठी ती हमीपत्र देते, महाविद्यालय कागद तपासते, प्रवेश नोंदवते आणि निश्चितीची पावती देते. घरी पेढे वाटले जातात. तरीही तिचा प्रवेश एका शर्तीवर टांगलेला आहे.

आता व्हॅलिडिटी समितीला तिच्या आजोबांच्या शाळेतील नोंदीत आडनाव वेगळे दिसते. समिती त्रुटी कळवते. तिच्या वडिलांना दोन्ही आडनावे एकाच कुटुंबाची आहेत, हे जुन्या कागदांनी दाखवावे लागते. ते झाले आणि प्रमाणपत्र मुदतीत आले, तर प्रवेश खऱ्या अर्थाने पक्का होतो. झाले नाही, तर काय होते, हे समजून घ्यायला तिचे गुण पाहावे लागतात.

इतर मागासवर्गीय उमेदवार म्हणून तिला किमान १२० गुण पुरत होते. प्रवर्गाचा दावा पडला की ती खुल्या प्रवर्गात येते आणि तेथे किमान १३५ गुण लागतात. तिचे १२७ आहेत. म्हणजे ती केवळ राखीव जागा गमावत नाही. ती त्या वर्षी अभियांत्रिकीच्या प्रवेशालाच अपात्र ठरते. शुल्क भरून दुसऱ्या जागेवर जाण्याचा मार्गही उरत नाही. ४० आणि ४५ टक्क्यांच्या मध्ये गुण असलेल्या प्रत्येक राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याच्या बाबतीत हे घडते, आणि नेमक्या याच गटाला आपला धोका दुहेरी आहे, हे माहीत नसते.

तिला १७० गुण असते, तर चित्र थोडे बदलले असते. खुल्या प्रवर्गातही ती पात्र राहिली असती, पण मिळालेली जागा राखीव होती. त्या महाविद्यालयात खुल्या प्रवर्गाची शेवटची जागा तिच्यापेक्षा वरच्या क्रमांकाला गेली असेल, तर हीच जागा तिला खुल्या प्रवर्गातून मिळाली नसती. त्यामुळे ती जागा सुटतेच. फेऱ्या चालू असतील, तर पुढच्या फेरीत खुल्या प्रवर्गातून दुसरीकडे प्रयत्न करता येतो. फेऱ्या संपल्यानंतर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत दावा पडला, तर तोवर सर्वत्र प्रवेश बंद झालेले असतात. कागद न मिळण्याचा परिणाम तो कधी मिळाला नाही यावरही अवलंबून असतो. जुलैत पडलेला दावा महाविद्यालय बदलायला लावतो, जानेवारीत पडलेला दावा वर्ष घालवतो.

प्रवर्गासोबत आणखी एक गोष्ट जाते. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि ईडब्ल्यूएसमधील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. दावा पडला की या सवलतीचा आधारही सुटतो.

ज्या कागदांवाचून प्रवेश थांबतो, पण सहसा जात नाही

शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी किंवा एलसी, प्रवेशाच्या वेळी मागितला जातो. तो नसेल तर महाविद्यालय नोंद रोखू शकते, कारण विद्यार्थी एकाच वेळी दुसरीकडे शिकत नाही, हे त्यावरून कळते. पण विद्यार्थी पात्र आहे की नाही, हे त्यावर ठरत नाही. म्हणून थोडा उशीर असल्यास हमीपत्र घेऊन मुदत दिली जाते. धोका दुसरीकडे असतो. आधी एका महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेथे दाखला जमा केला आणि तो प्रवेश रद्द करून दाखला परत मिळेपर्यंत नव्या महाविद्यालयात हजर होण्याची मुदत निघून गेली, तर जागा जाते. ती दाखला नसल्यामुळे गेलेली नसते. मुदतीत हजर न झाल्यामुळे गेलेली असते.

दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून आलेल्याला स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, लागते. ते प्रवेशाच्या दिवशी नसले तरी चालते. पण विद्यापीठाची पात्रता त्याशिवाय तात्पुरतीच राहते आणि पुढे परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा निकाल अडतो. बारावीनंतर वर्ष गेले असेल, तर खंडाबाबतचे शपथपत्र लागते. रॅगिंगविरोधी हमी, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, आधार कार्ड आणि छायाचित्रे हे कागद त्याच दिवशी किंवा काही दिवसांत पुरे करता येतात.

नावातील फरक मात्र या गटात दिसत असला, तरी तसा नसतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असेल, तर कागद हाती असूनही ते त्याच विद्यार्थ्याचे आहेत, हे सिद्ध होत नाही. किरकोळ फरकाला शपथपत्र पुरते. नाव खरोखर बदललेले असेल, तर राजपत्रातील प्रसिद्धी दाखवावी लागते.

पदव्युत्तर प्रवेशात ‘तात्पुरता’ याचा अर्थ बहुतेक वेळा निकालाशी जोडलेला असतो. पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागायचा असतो आणि विद्यापीठ तोवर हमीपत्रावर प्रवेश देते. निकालात विषय राहिला, तर येथे अट पात्रतेचीच मोडते. त्यामुळे प्रवेश रद्द होतो आणि पुरवणी परीक्षेत विषय सुटला, तरी तो प्रवेश परत जिवंत होत नाही.

केंद्रीय प्रवेशात कागद वेगळे

आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश ‘जोसा’ या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. तेथेही जागा स्वीकारल्यानंतर कागद तपासले जातात आणि प्रवर्गाचा कागद न जुळल्यास जागा जाते. पण कागदाची अट वेगळी आहे. इतर मागासवर्ग आणि ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेले असावे लागते. राज्याच्या नमुन्यातील, पुढची दोन वर्षे वैध असलेले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र तेथे चालत नाही. शिवाय काही जाती राज्याच्या यादीत आहेत, पण केंद्राच्या यादीत नाहीत. दोन्ही प्रक्रियांत भाग घेणाऱ्याला दोन वेगळी प्रमाणपत्रे काढावी लागतात.

खोटा कागद आणि उशिरा आलेला कागद

कागद नसणे आणि कागद खोटा असणे यांत कायदा मोठा फरक करतो. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार, जो २००१ चा २३ वा अधिनियम म्हणून ओळखला जातो, खोट्या जातीच्या दाखल्यावर घेतलेला प्रवेश केव्हाही रद्द होऊ शकतो आणि त्यावर मिळवलेली पदवीही जाते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा प्रकरणात हा नियम कडकपणे लावला. दावा अवैध ठरल्यावर मिळालेले लाभ सहानुभूतीपोटी राखता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून व्हॅलिडिटी नाकारली गेल्यावर उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने शिक्षण चालू ठेवणाऱ्यांचा प्रवेशही अंतिम निकालापर्यंत तात्पुरताच असतो.

उशिरा आलेल्या कागदाबाबत न्यायालये काही प्रसंगी मवाळ राहिली आहेत. २००४ मध्ये ओडिशातील डॉली छंदा या विद्यार्थिनीच्या वैद्यकीय प्रवेशाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. माजी सैनिकांच्या कोट्यातला तिचा हक्क खरा होता, पण कार्यालयाने दिलेल्या दाखल्यात चूक होती आणि दुरुस्त दाखला उशिरा आला. पात्रता ठरलेल्या तारखेला असलीच पाहिजे, मात्र तिचा पुरावा देण्याच्या बाबतीत परिस्थिती पाहून थोडी सूट देता येते, असे न्यायालयाने सांगितले. हा भेद महत्त्वाचा आहे. ज्याचा हक्क त्या दिवशी होता आणि कागद कार्यालयाच्या चुकीने अडला, त्याला दाद मागता येते. ज्याने अर्जच मुदतीनंतर केला, त्याची बाजू फार कमकुवत असते. म्हणून अर्जाची तारीख, समितीशी झालेला पत्रव्यवहार आणि त्रुटीची पूर्तता केल्याची पोच जपून ठेवावी लागते.

प्रवेश रद्द झालाच, तर मूळ कागद विद्यार्थ्याचेच राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेनुसार संस्थांनी मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यायची असतात. ती अडकवून ठेवणे किंवा त्यांच्या बदल्यात शुल्क मागणे चालत नाही. शुल्काचा परतावा मात्र तारखेवर अवलंबून असतो. कॅपमध्ये ठरलेल्या अंतिम तारखेपूर्वी रद्द केलेल्या प्रवेशाचे शुल्क एक हजार रुपये वजा करून परत मिळते. त्यानंतर परतावा कमी होत जातो किंवा मिळतच नाही.

जागा स्वीकारताना पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या हाती असलेल्या प्रत्येक पावतीसमोर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. मूळ प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आहे, ते न मिळाल्यास आपण खुल्या प्रवर्गात पात्र राहतो का, आणि तसे झाल्यास पुढची फेरी शिल्लक आहे का. या तीनही प्रश्नांचे समाधानकारक उत्तर नसेल, तर प्रवेश अजून निश्चित झालेला नाही, असेच समजून समितीचा पाठपुरावा चालू ठेवावा.